काळ्यावर काळं

महागड्या हेडफोनची जाहिरात आठवून पाहा. सगळीकडे काळोख, आणि त्यातून हेडबँडची कमान व कपांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या. वस्तू काळी, मागचा पडदाही काळा, तरी एकात एक मिसळून जात नाही. ही करामत मागून येणाऱ्या प्रकाशाची. छायाचित्रकार त्याला रिम लाइट म्हणतात.

मॅट काळं प्लास्टिक समोरून आलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतं. समोरचा दिवा वाढवत नेला तर हेडफोन उठून दिसण्याऐवजी राखाडी आणि मळकट दिसू लागतो. तोच प्रकाश मागच्या बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून आला, तर त्यातला बराच भाग गिळला न जाता सरळ पुढे परावर्तित होतो. वस्तूचा रंग कितीही काळा असला तरी त्याला फरक पडत नाही. संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून गाडी चालवताना डांबरी रस्ता चकाकतो, त्यामागचं कारण हेच.

स्टुडिओत यासाठी अरुंद, उभे सॉफ्टबॉक्स वापरतात. पण घरात लावतात ती दोन फुटी एलईडी ट्यूबही हे काम चोख करते, कारण हवी असते ती लांब, सडपातळ प्रकाशाची पट्टीच. टेबलावर हेडफोन ठेवायचा आणि त्याच्या मागे दीड-दोन मीटरवर काळी मखमल टांगायची. काळा कागद चालत नाही, त्याच्यावर जरा प्रकाश पडला की तो करडा दिसतो. दोन ट्यूब हेडफोनच्या मागे, डावीकडे आणि उजवीकडे, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर उभ्या करायच्या. त्यांचं तोंड हेडफोनकडे, म्हणजे पडद्याकडे त्यांची पाठ. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११ आणि सुरुवातीला शटर अर्धा सेकंद.

पहिला फोटो सगळे दिवे बंद करून काढायचा. तो ठार काळा आला पाहिजे. त्यात काही दिसलं तर खिडकीतून किंवा दाराच्या फटीतून उजेड येतो आहे, तो आधी अडवायचा. मग फक्त डावी ट्यूब लावायची आणि ती इंच-इंच सरकवत कपाच्या कडेकडे बघत राहायचं. ट्यूब फार मागे गेली की रेघ केसासारखी बारीक होते, फार पुढे आली की रेघेचा पट्टा होतो आणि काळोखाची मजा जाते. डावी बाजू जमली की ती बंद करून उजवी. दोन्ही कडा सारख्याच उजळ ठेवण्याचा मोह होतो, पण मला तसे फोटो सपाट वाटतात. एक बाजू थोडी मंद ठेवली की कपाची गोलाई कळते.

कप चकचकीत असेल तर दुसरी पंचाईत. चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो, म्हणून कडेवर दिसते ती खरं तर ट्यूबचीच प्रतिमा, कडक आणि पांढरीफेक. ट्यूबपासून वीतभर पुढे ट्रेसिंग पेपर ताणून लावला की मध्ये उजळ आणि कडेला विरत जाणारी झाक मिळते. महाग वस्तूचा भास निर्माण करते ती मुख्यतः ही विरत जाणारी झाक.

दिवे मागे असल्याने त्यांचा प्रकाश थेट लेन्समध्येही शिरतो आणि सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येतो. काळोख काळा न दिसता दुधाळ दिसला की ओळखावं. ट्यूब आणि लेन्स यांच्यामध्ये काळ्या कार्डशीटचा तुकडा उभा केला की काम भागतं. धुळीवर मात्र इतका सोपा इलाज नाही. घासून येणारा प्रकाश प्रत्येक कण चमकवतो, म्हणून ब्लोअर आणि मऊ ब्रश हाताशी हवेत, आणि वस्तू हातमोजे घालूनच उचलायची.

शेवटची अडचण संगणकावर भेटते. पार्श्वभूमीवर हलकीशी निळसर आभा ठेवली असेल, तर साध्या जेपेगमध्ये तिच्या पायऱ्या दिसू लागतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, त्यातल्या अंधाऱ्या भागाच्या वाट्याला वीस-पंचवीसच येतात, आणि तेवढ्यांवर रुंद आभा पसरली की पट्टे उमटतात. त्यावर बारीक ग्रेन टाकला की पट्टे मोडतात.

हीच युक्ती हजार रुपयांच्या हेडफोनलाही तितकीच शोभते. काळोखात प्लास्टिकचे सांधे, बिजागरी आणि गादीची शिवण लपून जाते. त्यामुळे ऑनलाइन खरेदी करताना काळ्या फोटोवर भाळू नका, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो उघडून बिजागरीपाशी मोठे करून बघा.