इंजेक्शनात काय होतं?

१९९१ साली इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या रुग्णालयात सत्तर वर्षांची एक बाई मरणाच्या दारात होती. संधिवाताने तिची अशी अवस्था केली होती की कुणाचा नुसता हात लागला तरी ती ओरडायची. हेरॉइनच्या मोठ्या डोसांनीही वेदना हटेना. तिने मरण मागितलं होतं. बरीच वर्षं तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. नायजेल कॉक्स यांनी शेवटी तिला पोटॅशियम क्लोराइड टोचलं आणि काही मिनिटांत ती गेली. डॉक्टरांनी केसपेपरवर तशी नोंदही केली. ती नोंद एका नर्सने वाचली आणि वर तक्रार केली.

कॉक्स यांनी त्याऐवजी हेरॉइनचा डोस आणखी वाढवला असता आणि त्यात बाई दगावली असती, तर बहुधा खटला उभाच राहिला नसता. बाई दोन्हीकडे गेलीच असती, डॉक्टरांच्या मनातली कणवही तीच. मग फरक कशात?

हेरॉइन वेदना शमवतं. श्वास मंदावणं हा त्याचा धोका. पोटॅशियम क्लोराइड एकदम शिरेत गेलं तर हृदय बंद पाडतं, वेदनेवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे पहिल्या इंजेक्शनानंतर रोगी जगला तरी डॉक्टरांचं काम झालेलं असतं. दुसऱ्यानंतर जगला तर डॉक्टरांचा बेत फसलेला असतो. मृत्यू हेतू होता की केवळ दिसत असलेला धोका, हे ओळखायला याहून साधी कसोटी मला ठाऊक नाही.

या विचाराला दुहेरी परिणामाचा सिद्धांत म्हणतात. त्याचं मूळ तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाकडे नेलं जातं. जीव वाचवायला केलेल्या प्रतिकारात हल्लेखोर मेला, तर त्याला मारणं हा हेतू नव्हता म्हणून ते क्षम्य. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्या पंडितांनी त्याची चौकट बांधली. कृत्य मुळात वाईट नसावं, हेतू चांगल्या परिणामाचा असावा, चांगलं हे वाइटाच्या वाटेने येऊ नये, आणि पत्करलेल्या हानीच्या तोलाचं कारण असावं. कॉक्स तिसऱ्या अटीवर अडतात. मला फक्त तिच्या वेदना संपवायच्या होत्या, असं त्यांनी कितीही मनापासून म्हटलं, तरी त्या संपल्या तिच्या मरणातूनच.

चौथी अट लोक विसरतात. 'माझा तसा हेतू नव्हता' एवढ्याने सुटका होत नाही. साध्या गुडघेदुखीला कुणी जिवावर बेतेल इतकं मॉर्फिन दिलं, तर हेतू वेदनाशमनाचा असूनही तो डॉक्टर दोषीच.

इंग्लंडच्या न्यायालयात हा विचार १९५७ साली डॉ. जॉन बॉडकिन अ‍ॅडम्स यांच्या खटल्यात आला. वेदना कमी करायला जे योग्य आणि आवश्यक ते डॉक्टरने करावं, त्यात आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, असं न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितलं. अ‍ॅडम्स सुटले. कॉक्स मात्र १९९२ मध्ये खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरले. प्रयत्नच, कारण दहन होऊन गेल्यामुळे मृत्यूचं नेमकं कारण सिद्ध करता येत नव्हतं. शिक्षा बारा महिन्यांची, तीही स्थगित.

पण डॉक्टरच्या मनात कोण डोकावणार? डोकवायची फारशी गरज पडत नाही, हेतू डोसमध्ये दिसतो. वेदनाशमनाच्या वॉर्डात मॉर्फिन थोड्यापासून सुरू करतात, दर चार तासांनी देतात, दुखणं किती उरलं ते विचारून पायरीपायरीने वाढवतात. रोगी फार गुंगीत गेला तर तो इशारा समजून डोस उतरवतात. वेदना थांबल्यावरही डोस चढत राहिला, तर तिथे वेगळं काही चाललंय. आणि गंमत अशी की असं जपून दिलेलं मॉर्फिन सहसा आयुष्य कमी करतच नाही, त्यामुळे या सिद्धांताचं सर्वांत लाडकं उदाहरण प्रत्यक्षात क्वचितच लागू पडतं. मॉर्फिन म्हणजे शेवट, या भीतीपोटी आपल्याकडे घरचेच नको म्हणतात आणि रोगी विनाकारण तळमळतो.

आपल्या कायद्यात हा फरक १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८८ खाली उदाहरणच शल्यचिकित्सकाचं दिलं होतं: शस्त्रक्रियेत रोगी दगावण्याची शक्यता त्याला माहीत आहे, पण मारण्याचा हेतू नाही, रोग्याच्या भल्यासाठी आणि त्याच्या संमतीने तो शस्त्रक्रिया करतो, म्हणून गुन्हा नाही. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २६ मध्ये आहे.