एकाच्या आत, एकाच्या बाहेर

दहावीच्या सरावात असते तसे एक समीकरण घेऊ: 2sec²θ − 5secθ + 2 = 0. अवयव पाडले की (2secθ − 1)(secθ − 2) = 0 मिळते, म्हणजे secθ एकतर 2 किंवा 1/2. पहिल्या किमतीवरून θ = 60° येतो. दुसरी किंमत खोडायची असते आणि त्याचे कारण वहीत एका ओळीत उरकले जाते: लघुकोनाचा सेकंट 1 पेक्षा लहान नसतो. ओळ बरोबरच आहे, पण ती पाठ करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एक आकृती काढली की ती स्वतःच दिसते.

1 त्रिज्येचे वर्तुळ काढा. केंद्राला क म्हणू. क पासून उजवीकडे आडवी त्रिज्या काढा. ती वर्तुळाला जिथे मिळते तो बिंदू अ. आता क मधूनच या त्रिज्येशी 60° चा कोन करणारी दुसरी रेघ काढा. ती वर्तुळाला प मध्ये छेदेल. प पासून आडव्या त्रिज्येवर लंब टाका आणि त्याच्या पायाला म म्हणा. झाला कमप हा काटकोन त्रिकोण. त्याचा कर्ण कप म्हणजे त्रिज्याच, लांबी 1. उभी बाजू पम हा साइन आणि आडवी बाजू कम हा कोसाइन.

काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा. तेव्हा पम आणि कम या दोन्ही बाजू 1 ओलांडूच शकत नाहीत. पायथागोरसच्या प्रमेयातून येणारे sin²θ + cos²θ = 1 हेच सांगते: दोन वर्गांची बेरीज 1 असेल, तर त्यांतला एकही वर्ग 1 पेक्षा मोठा होणार नाही. कोन वाढवत प बिंदू डावीकडे नेला की कोसाइन ऋण होतो, प खालच्या अर्ध्या भागात उतरला की साइन ऋण होतो. पण प वर्तुळ सोडून कुठे जात नाही, म्हणून −1 च्या पलीकडे जाणे दोघांनाही अशक्य.

आता सेकंट. त्याच आकृतीत अ पाशी वर्तुळाला स्पर्शिका काढा. ती सरळ उभी असेल. क पासून निघालेली 60° ची रेघ प च्या पुढे वाढवत न्या आणि ती स्पर्शिकेला मिळेल त्या बिंदूला ट म्हणा. कट ही लांबी म्हणजे सेकंट. कारण कमप आणि कअट हे त्रिकोण समरूप आहेत, त्यामुळे कट आणि कअ यांचे गुणोत्तर कप आणि कम यांच्या गुणोत्तराएवढे, म्हणजेच 1/cosθ. आपल्या 60° साठी कम अर्धा आहे आणि कट 2.

एखाद्या बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे लंबाची लांबी. इथे क पासून स्पर्शिकेवर पडणारा लंब कअ आहे आणि तो 1 आहे. म्हणून ट स्पर्शिकेवर कुठेही सरकला, तरी कट 1 पेक्षा कमी होणार नाही. कोसाइन वर्तुळाच्या आत मोजायचा आणि सेकंट आतून निघून बाहेरच्या स्पर्शिकेपर्यंत मोजायचा, एवढाच काय तो फरक. वर्तुळाच्या सर्वांत वरच्या बिंदूपाशी आडवी स्पर्शिका काढली, तर तिच्यापर्यंतची लांबी कोसेकंट होते. तिथेही हाच युक्तिवाद. 0° ला कोसाइन आणि सेकंट दोघेही नेमके 1 असतात आणि 180° ला दोघेही −1. सीमेवर ते भेटतात. सेकंटला बंदी आहे ती −1 आणि 1 यांच्या मधल्या जागेत, शून्यासकट.

मग एक शंका यायला हवी. 90° च्या अलीकडे सेकंट धन आहे, पलीकडे ऋण आहे. मधली जागा न ओलांडता तो पलीकडे गेला कसा? आकडे पाहू. cos 89° सुमारे 0.01745, त्याचा गुणाकार व्यस्त सुमारे 57.3. 89.9° ला सेकंट 573 च्या आसपास जातो. 90° ला रेघ उभ्या स्पर्शिकेला समांतर होते, ट मिळतच नाही आणि सेकंटला किंमतच उरत नाही. 91° ला तो एकदम −57.3 असतो. म्हणजे तो मधून गेलाच नाही. आलेख 90° ला तुटतो आणि खालून दुसरा तुकडा सुरू होतो. अखंड आलेखाला धनाकडून ऋणाकडे जाताना शून्यावरून जावेच लागले असते.

गणकयंत्रावर ही सीमा अनपेक्षितपणे हाताला लागते. बहुतेक शालेय यंत्रांवर सेकंटचे बटण नसते. sec 60° काढताना कुणी cos⁻¹ दाबून 60 टाकतो आणि पडद्यावर Math ERROR येते. ते बटण व्यस्त किंमत देत नाही. अमुक कोसाइन कोणत्या कोनाचा, ते सांगते. 60 कोसाइन असलेला कोन नसतो, म्हणून यंत्र अडते. हवे होते ते 1 ÷ cos 60. आणि सेकंटचे उत्तर 0.8 आले, तर गुणोत्तर उलटे लिहिले गेल्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी: कर्ण भागिले लगतची बाजू, याऐवजी लगतची बाजू भागिले कर्ण.

सेकंटचा हा स्वभाव मला सगळ्यांत ठळक दिसतो तो जगाच्या नकाशात. पृथ्वी गोल धरली, तर 60° अक्षवृत्ताचा घेर विषुववृत्ताच्या cos 60° पट, म्हणजे निम्मा. विषुववृत्त सुमारे 40,000 किलोमीटर, तर सेंट पीटर्सबर्ग जवळून जाणारे हे वृत्त सुमारे 20,000. कोणतेही अक्षवृत्त विषुववृत्तापेक्षा मोठे नसते, कारण कोसाइन 1 च्या वर जात नाही. गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये खलाशांसाठी नकाशा केला, त्यात सगळी अक्षवृत्ते सारख्याच लांबीची काढली. म्हणजे 60° चे वृत्त दुप्पट ताणले गेले. हा ताण sec 60° आहे. दिशा बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढेच ताणावे लागते. तो हिशोब एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने 1599 च्या पुस्तकात मांडला: विषुववृत्तापासून छोट्या छोट्या टप्प्यांनी सेकंटची बेरीज करत जायचे.

विषुववृत्तावर ताण 1, मुंबईजवळ, 19° ला, सुमारे 1.06, तर ग्रीनलँडच्या मध्यावर, 72° ला, सुमारे 3.24. क्षेत्रफळ दोन्ही दिशांनी ताणले जात असल्याने ग्रीनलँडचा तो भाग दहापटीहून अधिक फुगतो. विषुववृत्ताच्या तुलनेत आकसलेला असा एकही प्रदेश या नकाशात सापडत नाही. ध्रुवाकडे जाताना ताणाला सीमाच नाही, त्यामुळे ध्रुव कागदावर आणता येत नाहीत आणि नकाशा कुठेतरी कापावाच लागतो. इंटरनेटवरचे पुष्कळ नकाशे याच पद्धतीचे आहेत. जग चौरसात बसावे म्हणून ते साधारण 85.05° ला कापतात. तिथे सेकंट सुमारे 11.6 असतो.