सरळ रेषा सर्वांत आखूड कशावरून?

(०, ०) या बिंदूपासून (१, १) पर्यंत जायच्या वाटा अगणित आहेत. सरळ वाट √२, म्हणजे सुमारे १.४१४२ लांबीची; y = x² या वक्रावरून गेलो तर १.४७८९. पण एकेक वाट मोजत बसलो तर मोजणी कधीच संपायची नाही. १७५५ साली ट्यूरिनच्या एकोणीस वर्षांच्या लाग्रांजने बर्लिनला ऑयलरला पत्र लिहून यावरची युक्ती कळवली. पुढे ऑयलरनेच या शाखेला ‘कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स’ हे नाव दिलं.

युक्ती अशी: एकच वाट घ्यायची, टोकं पक्की ठेवायची आणि मधला भाग किंचित हलवून लांबी किती बदलते ते बघायचं. y = x² मध्ये ०.१(x − x²) मिळवलं की लांबी १.४६५९ होते, तेवढंच वजा केलं तर १.४९३७. एका बाजूला ढकलल्यावर वाट आखूड होते, म्हणजे ती सर्वांत आखूड नव्हतीच. आता सरळ रेषा y = x हीच तशी हलवू. दोन्ही बाजूंना लांबी वाढते, तीही जेमतेम ०.०००६ ने. हलवणं दहापट कमी केलं, तर ही वाढ शंभरपट कमी होते. सर्वांत आखूड वाटेची पहिली खूण हीच.

ही खूण कोणकोणत्या वाटांना लागू पडते? चढ p असेल तिथे आडव्या एककामागे √(1 + p²) इतकी लांबी खर्ची पडते. चढ थोडा वाढवला तर हा खर्च p/√(1 + p²) या दराने वाढतो. समजा दोन ठिकाणी हा दर वेगळा आहे. मग महाग जागेचा थोडा चढ काढून स्वस्त जागेला द्यावा. एकूण उंची तीच राहते आणि वाट मात्र आखूड होते. सर्वांत आखूड वाटेवर अशी अदलाबदल शिल्लकच नसते, म्हणजे दर सगळीकडे सारखा. p वाढला की दर वाढतोच, त्यामुळे दर सारखा तर चढही सारखा, आणि एकसारख्या चढाची वाट म्हणजे सरळ रेषा.

इथे थांबणं मला पटत नाही. गोलावर दोन ठिकाणांमधल्या मोठ्या वर्तुळाचा लांबचा कंसही, किंचित हलवल्यावर लांबी जवळपास न बदलण्याची ही परीक्षा पास होतो, आणि तो सर्वांत आखूड मुळीच नसतो. प्रतलात मात्र उरलेली शंका एका असमतेने मिटते. 2(1 + p²) − (1 + p)² म्हणजे (1 − p)², आणि वर्ग कधी ऋण नसतो. म्हणून p काहीही असो, √(1 + p²) ही संख्या (1 + p)/√2 पेक्षा कमी होत नाही. वाटभर बेरीज केली की उजवीकडे आडवं अंतर १ आणि चढलेली उंची १ मिळून २/√२, म्हणजे √२ येतं. डावीकडे असते वाटेची लांबी. दोन्ही बाजू समान व्हायला प्रत्येक ठिकाणी p = 1 हवा.