शब्दाला शब्द म्हणजे प्रामाणिक भाषांतर? मुळीच नाही

‘इंग्रजीत जे आहे तेच आणि तेवढंच लिहा, स्वतःचं काही घालू नका.’ जाहिरातीचा मजकूर मराठीत करायला देताना ही सूचना हमखास दिली जाते. ऐकायला ती रास्त वाटते. शब्द जितके जवळचे तितके भाषांतर प्रामाणिक, असा समज तिच्यामागे असतो. करारपत्रापुरता किंवा औषधाच्या माहितीपत्रकापुरता तो बराचसा खराही आहे. पण जाहिरातीला तीच मोजपट्टी लावली की मराठी वाचकासमोर जे येते ते ना धड मराठी असते, ना धड जाहिरात.

एक नमुना घेऊ. गाद्यांच्या एखाद्या कंपनीची पावसाळ्यातली इंग्रजी पोस्ट समजा अशी आहे: ‘से गुडबाय टू स्लीपलेस नाइट्स! ट्रीट युअरसेल्फ टू द कम्फर्ट यू डिझर्व्ह. अवर मान्सून सेल इज हिअर, विथ अप टू 40% ऑफ ऑन ऑल मॅट्रेसेस. हरी, ऑफर एन्ड्स संडे!’

सूचना पाळून केलेले मराठी असे होते: ‘निद्राहीन रात्रींना निरोप द्या! तुम्ही पात्र असलेल्या आरामाची स्वतःला मेजवानी द्या. आमचा मान्सून सेल सर्व गाद्यांवर 40 टक्क्यांपर्यंत सवलतीसह येथे आहे. घाई करा, ऑफर रविवारी संपते!’

यात व्याकरणाची चूक जवळजवळ नाही, आणि म्हणूनच तपासणारा ते पुढे पाठवतो. पण मूळ पोस्टचा सूर पाहा. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाशी हसत बोलावे तसा तो आहे. मराठीत मात्र आवाज बदलला. आपल्याकडे निरोप पाहुण्यांना देतात, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला देतात. नकोशा गोष्टीला देत नाहीत. ‘पात्र’ हा शब्द सरकारी योजनेच्या लाभार्थी यादीतला, त्यामुळे आरामासाठी आधी अर्ज करावा लागेल असे वाटते. ‘सेल येथे आहे’ हे दुकानाच्या दारावरच्या बाणासारखे वाचले जाते. आणि ‘घाई करा’ असे गिऱ्हाइकाला सांगणे मराठीत दटावल्यासारखे लागते. प्रत्येक शब्द मुळाशी इमान राखून आहे, आणि सगळी पोस्ट मुळाशी बेइमान झाली आहे!

मग काय करायचे? मजकुराचे आधी तीन भाग पाडायचे. पहिला भाग वस्तुस्थितीचा: कोणत्या मालावर, किती सूट, कधीपर्यंत, कोणत्या अटीवर. दुसरा भाग आवाहनाचा, म्हणजे वाचकाने नेमके काय करावे. हे दोन्ही जसेच्या तसे यायला हवेत. तिसरा भाग सुराचा: बोलणारा कोण, समोरचा कोण, दोघांत सलगी किती. हा भाग शब्दांतून उचलून आणता येत नाही, मराठीत नव्याने घडवावा लागतो. आपल्या नमुन्याचे तसे केले तर:

‘रात्रभर कूस बदलताय? आता गादी बदला. दिवसभर राबल्यावर एवढा आराम तर हवाच! पावसाळी सेलमध्ये सगळ्या गाद्यांवर 40 टक्क्यांपर्यंत सूट. रविवारपर्यंतच.’

‘निरोप’ गेला, ‘पात्र’ गेले, ‘घाई’ही गेली. तरी सूर राहिला. ‘यू डिझर्व्ह’मधली आपुलकी ‘तर’ आणि ‘च’ या दोन अव्ययांनी उचलली. ‘हरी’मधली निकड ‘रविवारपर्यंतच’मधल्या ‘च’ने. मराठीत बोलण्याचा सूर असाच च, ना, तर, की, बरं का यांतून आणि क्रियापदाच्या रूपांतून व्यक्त होतो. ‘बदलत आहात का’ ऐवजी ‘बदलताय’ म्हटले की बोलणारा जवळ येतो. इंग्रजी शब्दांवर बोट ठेवून चालणाऱ्याला ही अव्यये सुचतच नाहीत, कारण मुळात त्यांच्या जागी कोणताच शब्द नसतो.

इथे लगेच उलटा आक्षेप येतो: मग मनाला येईल ते लिहायचे का? नाही, आणि ही सीमा पक्की आहे. ‘पाठदुखी विसरा, आमची गादी आणा’ हे वाक्य मराठीत झकास वाटेल. पण पाठदुखीचा दावा मूळ पोस्टमध्ये नाही. तो घातला की कंपनीच्या नावावर आरोग्याचा नवा दावा चढतो आणि तो सिद्ध करायची जबाबदारीही तिच्यावर येते. ‘40 टक्क्यांपर्यंत’मधला ‘पर्यंत’ वाक्य आटोपशीर करायला गाळला, तर ती थेट खोटी जाहिरात झाली. ‘रविवारपर्यंत’मध्ये रविवार धरला आहे की नाही, हे इंग्रजीवरून तर्काने ठरवायचे नसते, कंपनीला विचारायचे असते. सुरात मोकळीक आहे, तपशिलात काडीची नाही.

हे केवळ माझे मत नाही. जर्मन भाषांतर-अभ्यासक काथारिना राइस यांनी 1971 मध्येच मजकुराच्या प्रकारानुसार भाषांतराचे निकष वेगळे ठेवले. माहितीपर मजकुरात आशय नीट पोचला का ते पाहायचे. जाहिरातीसारख्या आवाहनपर मजकुरात तोच परिणाम साधला का ते पाहायचे. अर्धशतक उलटून गेले, तरी आपल्याकडे गादीची जाहिरात खरेदीखतासारखी तपासली जाते.

या चुकीच्या तपासणीचे सर्वांत आवडते हत्यार म्हणजे उलट भाषांतर. मराठी मजकूर कोणाकडून तरी पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. वैद्यकीय संशोधनातल्या प्रश्नावल्यांसाठी ही पद्धत वापरतात आणि तिथे ती योग्य आहे. जाहिरातीत ती वाईट भाषांतराला पैकीच्या पैकी गुण देते. ‘निद्राहीन रात्रींना निरोप द्या’ उलटवले की मूळ वाक्य तंतोतंत परत मिळते. ‘कूस बदलताय’ उलटवले की साहेब विचारतात, हे कुठून आले? म्हणून अनुभवी लेखक दोन-तीन पर्याय देतात आणि प्रत्येकाखाली शब्दशः अर्थ व असे का लिहिले याचे एका ओळीचे स्पष्टीकरण जोडतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘चांगले मराठी म्हणजे इंग्रजी शब्द नकोतच’ हे चूक. सेल, ऑफर, डिलिव्हरी हे गिऱ्हाईक रोज बोलते, ‘विक्रीमहोत्सव’ बोलत नाही. ‘हिंदी मजकुरात क्रियापदे बदलली की मराठी होते’ हेही चूक. हिंदीतल्या ‘आप’च्या जागी सर्रास ‘आपण’ ठेवला की ‘आपली बचत’ म्हणजे तुमची की आपल्या दोघांची, हेच कळेनासे होते. ‘मजकूर मावेलच, मराठी काही फार लांब नसते’ असे म्हणणाऱ्यांनी एसएमएस आठवावा: साध्या रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त 70, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ‘मराठी’ हा एक शब्दच पाच जागा घेतो.

‘अटी इंग्रजीत राहिल्या तरी चालते’ हा शेवटचा समज मात्र महागात पडू शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत, त्याच्या खुलाशाची ओळही त्याच भाषेत हवी.

जाहिरात देणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी मराठी मजकूर तपासायला द्याल तेव्हा सोबत इंग्रजी देऊ नका. इंग्रजी न पाहिलेल्या दोन मराठी माणसांना तो मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा: काय विकतायत, कितीला, कधीपर्यंत, आणि बोलतंय कोण? पहिल्या तीन उत्तरांत चूक निघाली, तर तपशील दुरुस्त करा. चौथ्याला ‘कुठलं तरी ऑफिस’ असे उत्तर आले, तर मजकूर लेखकाकडे परत पाठवा.