बातमीत बातमीदार कुठे आहे?

नोव्हेंबर २०२३मध्ये गाझातले युद्ध पेटलेले असताना एक बातमी जगभर फिरली. इस्रायलचे पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू यांच्या मानसोपचारतज्ज्ञाने आत्महत्या केल्याचे तिच्यात म्हटले होते. डॉक्टरांचे नाव मोशे यातोम. मरण्यापूर्वी त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली आणि तिच्यात पंतप्रधानांनाच दोष दिला, असाही तपशील होता. ‘ग्लोबल व्हिलेज स्पेस’ या पाकिस्तानातल्या संकेतस्थळाने ती छापली. इराणमधल्या दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात तिचा हवाला दिला गेला, अरबी आणि इंडोनेशियन भाषांतल्या संकेतस्थळांनी ती उचलली, टिकटॉक आणि इन्स्टाग्रामवर ती हजारो लोकांनी पाहिली.

मोशे यातोम नावाचा असा डॉक्टर नव्हताच. २०१० साली ‘लीगेलिएनेट’ या ब्लॉगवर आलेल्या एका उपहासात्मक लेखातले ते पात्र होते. संकेतस्थळांची विश्वासार्हता तपासणाऱ्या ‘न्यूजगार्ड’ या अमेरिकी संस्थेने हा धागा उलगडला. जुना विनोदी लेख कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून नव्याने लिहून घेऊन ताजी बातमी म्हणून छापला गेला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते, कारण त्या बातमीची भाषा पाहून कोणालाही शंका आली नसती. व्याकरण ठीक, परिच्छेद नीटनेटके, सूर गंभीर. ‘यंत्राचे लिखाण वाचताच कळते’ असे आपण सहज म्हणतो, पण पडताळणी करणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये. इथे खोटेपणा उघड झाला तो बातमीचा उगम शोधल्यामुळे. पडताळणीत पहिला प्रश्न ‘हे कोणी लिहिले?’ हा नसावा. ‘हे कळले कोणाला, आणि कसे?’ हा असावा.

ही तपासणी कशी करता येते, ते याच बातमीवर पाहू. आधी मजकुरातला सगळ्यांत दुर्मीळ तपशील निवडायचा. ‘नेतान्याहू’, ‘आत्महत्या’ या शब्दांनी लाखो पाने सापडतील. ‘मोशे यातोम’ मात्र जवळपास कुठेच सापडणार नाही. ते नाव अवतरणचिन्हांत घालून शोधायचे आणि शोध बातमीच्या तारखेआधीच्या काळापुरता मर्यादित करायचा. गूगलमध्ये त्यासाठी शोधाच्या शब्दांपुढे `before:2023-11-01` एवढे लिहिले की पुरते. २०२३मध्ये मरण पावलेला माणूस २०१० सालच्या पानावरही मेलेला दिसला, की अर्धे काम झाले.

मग दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे. चोरी करणारा माणूस बहुधा वाक्ये जशीच्या तशी उचलतो आणि मधले परिच्छेद गाळतो. यंत्राकडून लिहून घेतलेल्या नकलेत बहुतेक वेळा याच्या उलट घडते. शब्द जवळपास सगळे बदललेले असतात. घटनांचा क्रम, कोणता तपशील कोणत्या तपशिलानंतर येतो, कोण कधी बोलते, हे मात्र तसेच राहते. म्हणूनच वाक्य जुळवून चोरी पकडणाऱ्या साधनांना ही नक्कल सापडत नाही आणि क्रम जुळवून वाचणाऱ्या माणसाला सापडते. आणखी एक गोष्ट या प्रक्रियेत हरवते, ती म्हणजे मूळ लेखाचा सूर. विनोदासाठी केलेली अतिशयोक्ती गंभीर वृत्ताच्या भाषेत ओतली, की वाचकाला सावध करणारी खूणच पुसली जाते.

तिसरी पायरी म्हणजे बातमीत नसलेल्या गोष्टींची यादी करणे. पंतप्रधानांच्या डॉक्टरचा संशयास्पद मृत्यू झाला, तर कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद झाली, शवविच्छेदन कुठे झाले, कुटुंबीय काय म्हणाले, याची विचारणा गावपातळीवरचा बातमीदारही करतो. इतक्या मोठ्या घटनेची एक ओळही इस्रायली वृत्तपत्रांत नसेल आणि ती फक्त तिऱ्हाईत देशातल्या एका संकेतस्थळाला कळली असेल, तर तिथेच थांबायला हवे.

कधी कधी यंत्र स्वतःच पुरावा मागे ठेवते. न्यूजगार्डने मे २०२३मध्ये पहिला अहवाल काढला तेव्हा यंत्राकडून मजकूर लिहून घेणारी सात भाषांतली ४९ संकेतस्थळे त्यांना सापडली होती. त्यांची युक्ती सोपी होती: ‘एक भाषा-प्रारूप म्हणून मी हे करू शकत नाही’ अशा अर्थाची, यंत्राने नकार देताना वापरलेली वाक्ये बातम्यांमध्ये शोधायची. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांचे निधन झाल्याची खोटी बातमी देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या मजकुरात असा नकार तसाच छापला गेला होता. छापण्यापूर्वी एकाही माणसाने पान वाचले नाही, याचा याहून पक्का पुरावा कुठला? पण या खुणेची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ही वाक्ये चाळून काढणे चालकांना अवघड नाही. त्यामुळे खूण सापडली तर पुरावा भक्कम. सापडली नाही म्हणून लेख माणसाचा ठरत नाही.

‘यंत्राचा मजकूर ओळखून देतो’ असे सांगणाऱ्या साधनांबद्दल माझे मत कडक आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये स्वतःचे असे साधन आणले. कंपनीच्याच आकड्यांनुसार ते यंत्राच्या इंग्रजी मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राचा ठरवत होते. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये ते बंद केले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध ती सरासरीने यंत्राचे ठरवत होती, कारण साधी शब्दसंपदा आणि सरळ वाक्यरचना त्यांना यंत्रासारखी वाटत होती. त्यानंतर साधने सुधारली असतील, पण अशा आकड्यावर कोणाला खोटे ठरवू नये. मराठी मजकुराच्या बाबतीत तर मी ही साधने पुरावा म्हणून वापरणारच नाही.

आपल्याकडे हा धंदा कुठे दिसतो, हे ‘लाडकी बहीण’ योजनेचा पुढचा हप्ता कधी येणार, असे शोधून पाहिले की कळते. मथळा सांगतो, ‘या तारखेला खात्यात जमा होणार’. पान उघडले की आधी योजना काय आहे ते येते: २०२४ साली सुरू झाली, दरमहा १५०० रुपये, वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. मग आवश्यक कागदपत्रांची यादी. मग ‘महिलांमध्ये उत्सुकता आहे’. मग पुन्हा तीच माहिती दुसऱ्या शब्दांत. मधे मधे जाहिराती. आणि शेवटी, ‘हप्ता लवकरच जमा होण्याची शक्यता असून अधिकृत घोषणेची प्रतीक्षा आहे’. म्हणजे मथळ्यातली तारीख कुठेच नाही. या पानातले प्रत्येक वाक्य कदाचित खरेही असेल. खोटा आहे तो मथळा. बाईने तो वाचून बँकेत जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवली, तर तिचे नुकसान मात्र खरे असते. अशा पानावर एकच गोष्ट शोधावी: शासन निर्णय, त्याची तारीख, किंवा अमुक मंत्री अमुक ठिकाणी अमुक म्हणाले, हा हवाला. तो नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारविषयीच्या दाव्यांसाठी ‘पीआयबी फॅक्ट चेक’ आहे, पण ही राज्याची योजना आहे; तिच्यासाठी महिला व बालविकास विभागाची घोषणाच पाहावी लागते.

अशी पाने का निघतात, याचे उत्तर जाहिरातींत आहे, आणि मजकुराच्या या कारखान्यांचा माग लावण्याचा सगळ्यांत चांगला रस्ताही तोच आहे. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे `/ads.txt` लिहिले की बहुतेक ठिकाणी एक साधी यादी उघडते. त्या जागेवर जाहिराती विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तिच्यात जाहीर केलेले असते. एक ओळ साधारण अशी दिसते (क्रमांक नमुन्याचा आहे):

```
google.com, pub-0000000000000000, DIRECT, f08c47fec0942fa0
```

मधला `pub-` क्रमांक म्हणजे ज्या खात्यात पैसे जातात त्याची ओळख. आरोग्य, ज्योतिष, नोकरभरती आणि सरकारी योजना अशा वेगवेगळ्या नावांच्या चार संकेतस्थळांवर `DIRECT` शब्दासह एकच क्रमांक निघाला, तर चारही ठिकाणचे जाहिरातीचे पैसे एकाच खात्यात जातात असे समजावे. इथे एक चूक नेहमी होते. ओळीत `RESELLER` असेल, तर तो क्रमांक मध्यस्थाचा असतो आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या हजारो संकेतस्थळांवर तोच दिसतो. त्यावरून मालक एक असल्याचा निष्कर्ष काढला, तर पडताळणी करणाराच खोटी बातमी देऊन बसेल.

संकेतस्थळाचे वय तपासतानाही अशीच काळजी घ्यावी. पत्ता कधी नोंदवला गेला, हे नोंदणीच्या माहितीत दिसते आणि दोन महिन्यांपूर्वीचा पत्ता असेल तर संशय योग्यच. पण जुना पत्ता म्हणजे जुने वृत्तपत्र नव्हे. ‘द हेअरपिन’ हे अमेरिकेतले स्त्रियांचे नावाजलेले संकेतस्थळ २०१८मध्ये बंद पडले. पुढे त्याचा पत्ता दुसऱ्याच माणसाने घेतला आणि तिथे यंत्राने लिहिलेले लेख भरले. जुन्या वाचकांचा विश्वास आणि शोधयंत्रांतले जुने वजन आयतेच मिळाले. मार्च २०२४मध्ये गूगलने मुदत संपलेल्या पत्त्यांचा असा वापर आणि यंत्राने वा माणसाने ढिगाने पाडलेला मजकूर, दोन्ही आपल्या नियमांत गैरवापर ठरवले. ‘वेबॅक मशीन’वर संकेतस्थळाची वर्षावर्षाची जुनी रूपे पाहिली, की विषय, लेखक आणि मांडणी कधी एकदम बदलली ते दिसते. तो बदल दिसला की लेखकांच्या नावांकडे वळावे. एकच नाव दिवसात चाळीस बातम्या देत असेल, क्रिकेटपासून कर्करोगापर्यंत लिहीत असेल आणि त्या माणसाचा संकेतस्थळाबाहेर मागमूस नसेल, तर त्या नावामागे माणूस असण्याची शक्यता फार थोडी.

एवढे करूनही ‘हे यंत्रानेच लिहिले’ असे क्वचितच ठामपणे सिद्ध होते, आणि निकाल देताना ते सिद्ध करण्याची गरजही नसते. अनेक प्रामाणिक वृत्तपत्रे भाषांतरासाठी, मसुदा नीट करण्यासाठी यंत्र वापरतात. त्याने खरी बातमी खोटी होत नाही. दुसरीकडे, माणसाने घाम गाळून लिहिलेली थापही थापच राहते. म्हणून पडताळणीच्या निकालात ‘एआयने बनवलेले’ हा शिक्का मारण्यापेक्षा काय सापडले ते लिहावे: मूळ मजकूर २०१०चा उपहासलेख आहे, नमूद केलेली व्यक्ती काल्पनिक आहे, मथळ्यातल्या तारखेला कोणताही आधार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. संशयास्पद बातमी पडताळणीसाठी कोणालाही पाठवताना फक्त स्क्रीनशॉट पाठवू नका. त्यात पत्ता नसतो, तारीख नसते, `ads.txt` पाहता येत नाही. लिंक पाठवा, आणि त्याआधी वेबॅक मशीनवर ते पान जतन करा, कारण बोभाटा होताच अशी पाने बदलली किंवा काढून टाकली जातात.