पोटकंत्राटदाराच्या बिलावरचे बारा टक्के

पुण्यात ऑफिसचं इंटिरियर करून देणारा कंत्राटदार वायरिंगची वायर स्वतः ओढत नाही. इलेक्ट्रिकचं काम एकाकडे, एसीचं दुसऱ्याकडे, फॉल्स सीलिंग तिसऱ्याकडे. ही मंडळी बिल देतात मुख्य कंत्राटदाराला, आणि तो त्यावर आपलं मार्जिन चढवून ग्राहकाला बिल देतो. याला बॅक-टू-बॅक बिलिंग म्हणतात. मार्जिन कागदावर दिसतं आणि बँकेत दिसत नाही, अशी तक्रार इथे नेहमीची. ते जातं कुठे, हे एका बिलावरून पाहू.

वायरिंगचे ८०० पॉइंट, दर १,२५० रुपये. पोटकंत्राटदाराचं बिल झालं १० लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ११ लाख ८० हजार. मुख्य कंत्राटदार बारा टक्के चढवतो आणि ग्राहकाला पॉइंटमागे १,४०० रुपये लावतो. त्याचं बिल ११ लाख २० हजारांचं, त्यावर २,०१,६०० रुपये जीएसटी. मार्जिन १० लाखांवर धरायचं, ११ लाख ८० हजारांवर नाही. करासकट रकमेवर मार्जिन चढवून वर पुन्हा जीएसटी लावलेली बिलं अजूनही निघतात. ग्राहकाचा अकाउंटंट ती परत पाठवतो आणि महिना वाया जातो.

वरच्या हिशेबात मार्जिन १,२०,००० रुपये. पण जिन्यातला टू-वे स्विचचा दिवा वायरमन दोन पॉइंट धरतो आणि ग्राहकाचा इंजिनियर एक. त्यामुळे ८०० पैकी ७६० पॉइंटच मंजूर झाले, तर ग्राहकाकडून १०,६४,००० मिळतात आणि पोटकंत्राटदाराचे १० लाख तसेच राहतात. चाळीस पॉइंटच्या फरकाने मार्जिन ६४,००० वर आलं. म्हणून मोजणीची पद्धत दोन्ही करारांत शब्दशः एक हवी, आणि संयुक्त मोजणीच्या शीटवर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पोटकंत्राटदाराचं बिल मंजूर करू नये.

समजा मोजणी जुळली. आता पैसे येतात. ग्राहक दोन टक्के टीडीएस, म्हणजे २२,४०० रुपये कापतो. शिवाय पाच टक्के रिटेन्शन, ५६,००० रुपये, दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत अडकवून ठेवतो. हातात येतात १२,४३,२००. पोटकंत्राटदार एकटा मालक असल्याने त्याचा टीडीएस एक टक्का. तो कापून त्याला ११,७०,००० द्यायचे, कापलेले १०,००० सरकारात भरायचे आणि जीएसटीचा फरक २१,६०० रोख भरायचा. उरले ४१,६००. बाकीच्यापैकी टीडीएस पुढे आयकरात वळता होतो, पण ५६,००० ग्राहकाकडेच पडून राहतात. पोटकंत्राटदाराच्या करारातही तेच पाच टक्के रिटेन्शन असतं, तर ५०,००० रुपये त्याच्याकडून थांबवता आले असते आणि हातात ९१,६०० राहिले असते. बरेच जण वर्क ऑर्डरमध्ये हे एक कलम लिहायचं विसरतात.

जीएसटीचा फरक २१,६०० भरून भागतं, ते पोटकंत्राटदाराने आपलं बिल रिटर्नमध्ये दाखवलं असेल तरच. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास जीएसटीआर-२बी तयार होतं. त्यात त्याचं १,८०,००० चं क्रेडिट दिसत नसेल, तर तेवढी रक्कम मुख्य कंत्राटदाराला खिशातून भरावी लागते. म्हणजे मार्जिनपेक्षा जास्त! शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं.

आता सगळ्यात लाडकं वाक्य: “आम्हाला ग्राहकाकडून मिळाले की तुम्हाला देऊ.” करारात हे लिहिलेलं असतं, आणि मोठ्या ग्राहकाची मुदत ९० दिवसांची असते. पण पोटकंत्राटदार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर कायद्याने कमाल मुदत ४५ दिवस, लेखी करार नसेल तर १५. बांधकामासारख्या कंत्राटांना तो कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. पण वादाच्या भरवशावर पैसे अडवणं शहाणपणाचं नाही. कारण २०२३ च्या अर्थसंकल्पात आलेल्या तरतुदीनुसार मुदत उलटून ३१ मार्चला थकलेली अशी रक्कम त्या वर्षाचा खर्च धरत नाहीत, ती दिली त्या वर्षी धरतात. वरच्या उदाहरणात १० लाख थकले, तर सव्वा लाखाच्या आत मार्जिन आणि कर मात्र सव्वाअकरा लाखांच्या आसपास उत्पन्न धरून.

तेव्हा पोटकंत्राटदाराला वर्क ऑर्डर देण्याआधी त्याचं उद्यम प्रमाणपत्र मागून घ्या. ग्राहकाची ९० दिवसांची मुदत आणि त्याची ४५ दिवसांची, यांमधल्या दीड महिन्याच्या पैशांचं व्याज बारा टक्क्यांत बसतं का, हे दर सांगण्याआधी मोजा.