नऊ सायकल्सचं काम साडेतीनमध्ये

सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक चॅनेलसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. सॉफ्टवेअरमधून आवाज कमी करायचा, तर या प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने गुणावं लागतं. समजा, ती संख्या ०.५ आहे. मेमरीतून आकडा आणायचा, गुणायचा, होता तिथे परत ठेवायचा आणि पुढच्या आकड्याकडे वळायचं. प्रोग्रॅमच्या भाषेत हा एक लूप झाला. प्रोसेसरला तो पाच सूचनांमध्ये सांगता येतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचात तो असा दिसतो:

```
loop: flw    ft0, 0(a0)
      fmul.s ft0, ft0, fa0
      fsw    ft0, 0(a0)
      addi   a0, a0, 4
      bne    a0, a1, loop
```

`flw` आकडा मेमरीतून `ft0` या रजिस्टरमध्ये आणते. `fmul.s` त्याला `fa0` मधल्या ०.५ ने गुणते आणि `fsw` उत्तर परत मेमरीत ठेवते. `a0` मध्ये आकड्याचा पत्ता असतो. एक आकडा चार बाइटचा, म्हणून पत्ता चारने वाढतो. तो `a1` मधल्या शेवटच्या पत्त्याएवढा होईपर्यंत `bne` पुन्हा वर पाठवते.

सूचना पाच आहेत, म्हणजे एका फेरीला पाच क्लॉक सायकल्स लागतील असं वाटतं. तसं होत नाही. सूचना दिलेल्या क्रमानेच चालवणारा आणि एका सायकलमध्ये एकच सूचना सुरू करणारा साधा प्रोसेसर घेऊ. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ प्रकल्पातला सी-क्लास हाही क्रमानेच चालणाऱ्या जातीतला. नेमके आकडे चिपगणिक बदलतात, म्हणून हिशेबासाठी दोन गोष्टी धरून चालू. आणलेला आकडा वापरण्याआधी मध्ये एक सायकल जावी लागते. गुणाकाराचं उत्तर मेमरीत ठेवण्याआधी मध्ये तीन जाव्या लागतात. तोवर पुढची सूचना अडून राहते. या अडण्याला स्टॉल म्हणतात.

आता मोजू. `flw` पहिल्या सायकलमध्ये सुरू होते. दुसरी रिकामी जाते, तिसरीत गुणाकार सुरू होतो. चौथी, पाचवी, सहावी रिकाम्या जातात. सातवीत `fsw`, आठवीत `addi`, नववीत `bne`. काम पाच सायकल्सचं आणि खर्च नऊचा. चार सायकल्स प्रोसेसर नुसता वाट पाहतो.

पहिला उपाय म्हणजे क्रम बदलणं. `addi` ला आकडा यायची वाट पाहायची गरज नाही, तेव्हा ती उचलून `flw` च्या लगेच खाली ठेवली की तिथली रिकामी सायकल भरते. मात्र पत्ता आता आधीच चारने पुढे गेलेला असतो, म्हणून `fsw` मध्ये `0(a0)` ऐवजी `-4(a0)` लिहावं लागतं. हे विसरलं की प्रत्येक उत्तर एक घर पुढे जाऊन बसतं आणि तिथला अजून न वाचलेला आकडा पुसून टाकतं. फेरी नवावरून आठवर आली. गुणाकारानंतरच्या तीन रिकाम्या सायकल्स मात्र तशाच राहतात, कारण भरायला कामच शिल्लक नाही. `bne` वर नेता येत नाही, ती फेरीच्या शेवटीच हवी.

दुसरा उपाय लूप उलगडण्याचा. एका फेरीत चार आकडे घ्यायचे: आणा-गुणा-ठेवा हा तुकडा चार वेळा लिहायचा, पत्ते ०, ४, ८, १२ असे द्यायचे आणि शेवटी `a0` एकदम १६ ने वाढवायचा. नुसतं एवढंच केलं तर प्रत्येक तुकड्याला पूर्वीसारख्याच सात सायकल्स लागतात. चारांच्या अठ्ठावीस, वर `addi` आणि `bne` च्या दोन, एकूण तीस. म्हणजे आकड्यामागे साडेसात. इथे वाचलं ते फक्त फेरी सांभाळण्याचं काम. स्टॉल एकही हटला नाही.

दोन्ही उपाय वेगवेगळे केले तर हाती फार थोडं लागतं. एकत्र केले की चित्र पालटतं. उलगडलेल्या लूपमध्ये एकमेकांशी संबंध नसलेले चार आकडे हाताशी असतात, म्हणून एकाची वाट पाहताना दुसऱ्याचं काम करता येतं. गुणाकार करणारा भागही टप्प्याटप्प्याने चालतो. पोळ्या करताना एक लाटली जात असते, एक तव्यावर असते, एक फुगत असते. तसंच इथे पहिल्याचं उत्तर यायच्या आत दुसरा गुणाकार सुरू करता येतो.

```
loop: flw    ft0, 0(a0)
      flw    ft1, 4(a0)
      flw    ft2, 8(a0)
      flw    ft3, 12(a0)
      fmul.s ft0, ft0, fa0
      fmul.s ft1, ft1, fa0
      fmul.s ft2, ft2, fa0
      fmul.s ft3, ft3, fa0
      fsw    ft0, 0(a0)
      fsw    ft1, 4(a0)
      fsw    ft2, 8(a0)
      fsw    ft3, 12(a0)
      addi   a0, a0, 16
      bne    a0, a1, loop
```

पहिला गुणाकार पाचव्या सायकलमध्ये सुरू होतो आणि त्याचं उत्तर नवव्या सायकलमध्ये ठेवलं जातं. मधल्या तीन सायकल्समध्ये बाकीचे तीन गुणाकार सुरू झालेले असतात. चौदा सूचना, चौदा सायकल्स, स्टॉल शून्य. आकड्यामागे साडेतीन. एका सेकंदाच्या ध्वनीला आधी ३,९६,९०० सायकल्स लागत होत्या, आता १,५४,३५० लागतात.

वरच्या लूपमध्ये `ft0` ते `ft3` अशी चार रजिस्टर्स आहेत, ती उगाच नाहीत. नुसत्या उलगडलेल्या लूपमध्ये चारही तुकड्यांना एकटं `ft0` चालून जातं, कारण एक आकडा परत ठेवल्यावरच दुसरा येतो. तेच ठेवून क्रम बदलला, तर चार वेळा आणलेल्यातला फक्त चौथा आकडा उरतो, तो चार वेळा ०.५ ने गुणला जातो आणि चारही घरांत त्याचा सोळावा हिस्सा जाऊन बसतो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, फक्त आवाज बारीक आणि खरखरीत येतो. म्हणून रजिस्टरची नावं आधी बदलायची आणि मगच सूचना हलवायच्या.

दुसरी चूक याहून घातक आहे. आकडे १,००३ असले तर २५० फेऱ्यांनंतर तीन उरतात. `a0` सोळाच्या उड्या मारतो, त्यामुळे तो `a1` वर कधीच पडत नाही, त्याच्या पलीकडे जातो. `bne` ला तर दोन्ही पत्ते सारखे झालेलेच हवेत. लूप थांबत नाही आणि पुढची मेमरी बिघडवत जातो. म्हणून मोठा लूप हजार आकड्यांपर्यंतच चालवायचा आणि उरलेले तीन मूळच्या छोट्या लूपने करायचे.

आणखी उलगडून फार काही मिळत नाही. आठचा लूप केला तर २६ सायकल्स लागतात, आकड्यामागे सव्वातीन. आणा-गुणा-ठेवा या तीन सूचना कुठेच जात नाहीत, त्यामुळे तीनच्या खाली उतरता येत नाही. उलट रजिस्टर्स संपत येतात आणि प्रोग्रॅम लांबतो. माझ्या मते या प्रोसेसरवर चारला थांबावं.

बेरजेचा लूप वेगळ्या जातीचा. तिथे प्रत्येक बेरजेला आधीचं उत्तर हवं असतं, त्यामुळे चार वेगळ्या बेरजा ठेवून शेवटी त्या मिळवाव्या लागतात. बेरजेचा क्रम बदलला की दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडू शकतो, म्हणून जीसीसी हा कंपायलर `-ffast-math` सारखी परवानगी दिल्याशिवाय हे करत नाही. लॅपटॉपमधले आजचे प्रोसेसर सूचनांचा क्रम बऱ्याच अंशी स्वतःच बदलतात. रॉबर्ट टोमासुलो यांनी आयबीएमच्या ३६०/९१ यंत्रासाठी मांडलेली आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत या कल्पनेच्या मुळाशी आहे. अशा यंत्रांवर हाताने केलेल्या मांडणीचा फायदा कमी दिसतो.

तुमच्या प्रोग्रॅमला याची गरज आहे का, हे लिनक्सवर `perf stat -e cycles,instructions` ही आज्ञा सांगते. सायकल्सना सूचनांनी भागा. आपल्या पहिल्या लूपसाठी उत्तर १.८ येतं, शेवटच्यासाठी १. एका सायकलमध्ये एकच सूचना सुरू करणाऱ्या प्रोसेसरवर उत्तर आधीच १ च्या जवळ असेल, तर हटवायला स्टॉल उरलेले नाहीत. तिथे सूचनाच कमी करण्याचा मार्ग शोधा.